मधले तीन दिवस

परवा नववीच्या वर्गावर तास संपायला चार-पाच मिनिटं उरली होती आणि मला दुसरं महायुद्ध त्या दिवशीच संपवायचं होतं, कारण पुढच्या आठवड्यात चाचणी. फळ्यावर घाईघाईत दोन ओळी लिहिल्या. ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमा. ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी. खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं, जपानची शरणागती. मुलं मुकाट्याने उतरवून घेत होती, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी फारशी बोलत नाही, तिने हात वर केला. "मॅडम, पहिल्याने एवढी माणसं मेली होती तर मग दुसरा का टाकला?" मी हातावरचा खडू झटकत सहज म्हणाले, "जपान शरण आला नाही म्हणून." ती खाली बसली नाही. फळ्याकडे बघत बोटं मिटत गेली, सहा, सात, आठ, नऊ, आणि म्हणाली, "तीनच दिवस, मॅडम?"

तेवढ्यात बेल झाली.

बावीस वर्षं मी इतिहास शिकवतेय. 'जपान शरण आला नाही म्हणून' हे वाक्य किती पेपरांमध्ये तपासलं असेल, किती वेळा त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली असेल, मोजदाद नाही. पण त्या संध्याकाळी कणीक मळताना हात आपोआप थांबला, कारण त्या पोरीने जे केलं ते मी बावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं, बोटांवर मोजलं नव्हतं. माझ्या शाळेचं ट्रस्ट मंडळ एका साध्या ठरावावर तीन दिवसांत सही करत नाही. आणि इथे एक अख्खं साम्राज्य, रेल्वे तुटलेली, टेलिफोनच्या तारा जळालेल्या, त्याने तीन दिवसांत गुडघे टेकायचे होते, आणि टेकले नाहीत म्हणून दुसरं शहर.

या विषयावर मला तटस्थपणे बोलता येत नाही हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात या बॉम्बची एक वेगळी गोष्ट आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, साताऱ्याकडच्या गावातून मराठा पलटणीत भरती झालेले. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून जिवंत परतले आणि ४५ साली त्यांची तुकडी मलायाच्या किनाऱ्यावर उतरवायची तयारी चालली होती. सप्टेंबरचा बेत होता. मधेच जपान शरण गेला, तरी ठरल्याप्रमाणे ९ सप्टेंबरला त्यांना किनाऱ्यावर उतरवलंच, फक्त समोरून गोळी आली नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत आण्णा ते सांगायचे. वरून वाळू कोरडी दिसायची आणि खाली नुसता चिखल, गाड्या जहाजातून उतरल्या की चाकं बुडेपर्यंत रुतायच्या, मागून दुसरी गाडी यायची, तीही रुतायची, आणि सगळी पलटण कमरेएवढ्या पाण्यात उभी. "तवा वरच्या झाडीत येक मशीनगण आसती ना," म्हणायचे, "तर आमी काय बी करू शकत नव्हतो. मारल्या आसत्या समद्यास्नी कोंबड्यांवाणी." आणि मग अडकित्ता बाजूला ठेवून ठरलेलं वाक्य यायचं, "त्यो बाँब पडला नसता तर तुझा बा काय जल्माला येत नव्हता."

माझे वडील १९४७ चे. म्हणजे हिशेब सरळ आहे.

त्यामुळे लहानपणी मला बॉम्बबद्दल जे वाटायचं ते उघड बोलायची सोय नव्हती. शाळेत ६ ऑगस्टला आम्ही कागदाचे करकोचे करायचो, बाई सांगायच्या की युद्ध वाईट, अणुबॉम्ब त्याहून वाईट, मी मान डोलवायचे, आणि घरी आले की आण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून तो सुपारीचा वास घेताना वाटायचं की बरं झालं. पुढे इतिहास घेऊन एमए केलं तेव्हा कळलं की आण्णांचं म्हणणं हे काही अडाणी म्हाताऱ्याचं म्हणणं नाही, तोच युक्तिवाद अमेरिकेचे युद्धकाळातले युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी १९४७ च्या फेब्रुवारीत एका मासिकात लेख लिहून मांडला. त्यांनी लिहिलं की जपानच्या मुख्य भूमीवर चढाई केली असती तर एकट्या अमेरिकन सैन्याची हानी दहा लाखांच्या वर गेली असती. हा आकडा फुगवलेला आहे यावर पुढे खूप वाद झाला, कारण चढाईआधीच्या लष्करी कागदांमध्ये त्याहून खूप लहान आकडेही सापडतात. पण आकडा बाजूला ठेवला तरी त्यामागचं भय खोटं नव्हतं. १९४५ साली एप्रिल ते जून जपानचं ओकिनावा बेट घेताना बारा हजारांवर अमेरिकन मेले, आणि तिथले साधे रहिवासी लाखाच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये क्यूशू बेटाच्या दक्षिणेला उतरायचा बेत होता आणि पकडलेल्या संदेशांवरून अमेरिकेला दिसत होतं की जपानने नेमकी तीच जागा ओळखलीय, आणि तिथे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सैन्य येऊन बसतंय. शिवाय युद्ध लांबलं तर मरणारे फक्त अमेरिकन आणि जपानी नव्हते. चीनमध्ये, जावात, व्हिएतनाममध्ये जपानी ताब्याखाली रोज माणसं मरत होती, सिंगापूर पडलं तेव्हा पकडलेल्या हजारो हिंदी सैनिकांचे हाल चालू होते. आशियातल्या माणसाने बॉम्बला विरोध करताना हे विसरायचं म्हणजे आपल्याच माणसांना हिशेबातून काढून टाकायचं.

दुसरी बाजूही मी तितक्याच इमानाने शिकवत आलेय. जपान हरलेलाच होता, मार्चमध्ये एका रात्रीच्या आगीत टोकियोत लाखभर माणसं जळाली होती, समुद्रमार्ग बंद, तेल संपलेलं. जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या आपल्या राजदूताला तारांवर तारा पाठवत होते की रशियाला मध्यस्थीसाठी तयार करा, आणि त्या तारा अमेरिका वाचत होती. सम्राटाला गादीवर राहू देऊ, एवढं एक वाक्य जपानला शरण या म्हणून सांगणाऱ्या जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या मसुद्यात होतं ते शेवटी काढून टाकलं गेलं. खुद्द बॉम्बच्या कामात असलेल्या शास्त्रज्ञांपैकी काहींनी जूनमध्येच लिहून दिलं होतं की आधी ओसाड जागी जगाला दाखवा, मग ठरवा. त्यावर ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चौघा शास्त्रज्ञांच्या समितीने उत्तर दिलं की ज्याने युद्ध संपेल असं कुठलं प्रात्यक्षिक आम्हाला सुचत नाही. ते उत्तर वाचताना मला नेहमी वाटतं की इथे प्रश्न खरोखर विचारला तरी गेला होता. चार माणसं टेबलाभोवती बसली, त्यांनी डोकं खाजवलं, आणि चूक असो की बरोबर, काहीतरी म्हणाली.

हे सगळं मला पाठ आहे. पण नीट बघितलं तर दोन्ही बाजूंचा सगळा वाद पहिल्या बॉम्बचा आहे. टाकायचा की नाही, इशारा द्यायचा की नाही, शहरावर की बंदरावर. नागासाकी त्या वादात 'आणि' म्हणून येतं. हिरोशिमा आणि नागासाकी. त्या मुलीने तो 'आणि' उचलला.

त्या रात्री मी जुनी वही आणि दोन-तीन पुस्तकं काढून बसले आणि एकच गोष्ट शोधायची ठरवली, नागासाकीचा निर्णय कधी झाला, कोणी घेतला, कुठल्या बैठकीत. मला वाटलं होतं सहा आणि नऊच्या मधे वॉशिंग्टनमध्ये काहीतरी झालं असेल, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना कोणीतरी विचारलं असेल की जपानकडून उत्तर नाही, काय करायचं. आणि ते नाहीच. तशी बैठक नाही, तसा कागद नाही, तसा प्रश्नच नाही.

जे आहे ते २५ जुलैचं एक आदेशपत्र आहे. अमेरिकेचे हंगामी सेनाप्रमुख जनरल हॅन्डी यांच्या सहीचं, बॉम्बफेकी विमानदलाचे प्रमुख जनरल स्पाट्झ यांच्या नावाने. एवढंसं पत्र. त्यात म्हटलंय की ३ ऑगस्टच्या सुमाराला, हवामान डोळ्यांनी लक्ष्य बघण्याजोगं असेल तसं, पहिला विशेष बॉम्ब हिरोशिमा, कोकुरा, निईगाता आणि नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकावा. आणि त्याच्या पुढच्या कलमात, की यानंतरचे बॉम्ब अणुबॉम्ब प्रकल्पाचे लोक जसजसे तयार करतील तसतसे याच लक्ष्यांवर टाकावेत. जसजसे तयार होतील तसतसे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. दुधाच्या रतिबाला आपण सांगतो ना, येईल तसं टाकत जा, तसं. दुसऱ्या शहराचं मरण पहिलं शहर जिवंत असतानाच, बारा दिवस आधी, एका कलमात मंजूर होऊन गेलं होतं. पुढे ते थांबवायला निर्णय लागणार होता. चालू ठेवायला लागणार नव्हता.

आणि नागासाकी त्या यादीत आलं कसं, तर आधी क्योतो होतं म्हणून. लक्ष्य निवडणाऱ्या समितीला क्योतो फार पसंत होतं, मोठं शहर, फारशी बॉम्बफेक न झालेलं, बॉम्बचा परिणाम स्वच्छ दिसेल असं. स्टिम्सन यांनी ते हट्टाने काढायला लावलं, ती जुनी राजधानी आहे, देवळांचं शहर आहे, ते जाळलं तर जपानी माणूस कधी माफ करणार नाही. ते स्वतः १९२६ साली तिथे जाऊन आले होते. क्योतो गेलं आणि रिकाम्या जागी नागासाकी आलं. एका माणसाने एक शहर डोळ्यांनी बघितलेलं असणं आणि दुसरं नसणं, हे मला आदेशपत्रापेक्षा जास्त लागलं. कारण याचा अर्थ असा की प्रश्न विचारला तर उत्तर बदलत होतं. क्योतोसाठी कोणीतरी विचारलं होतं.

आता ते तीन दिवस. ६ तारखेला सकाळी ८.१५ ला हिरोशिमावर स्फोट झाला, आणि टोकियोत पहिल्यांदा कळलं ते एवढंच की हिरोशिमाशी बोलणं बंद पडलंय. ७ ला ट्रुमन यांचं निवेदन रेडिओवर ऐकू आलं की हा अणुबॉम्ब आहे. जपानच्या लष्कराचा विश्वास बसेना, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ निशिना यांना विमानाने पाठवलं, ते ८ तारखेला पोचले आणि त्यांनी सांगितलं की हो, तोच आहे. त्याच ८ तारखेला तोगो सम्राटाला भेटले, आणि सम्राट म्हणाले की आता युद्ध लवकर संपवलं पाहिजे. पंतप्रधान सुझुकी यांनी युद्धमंडळाच्या सहा जणांची बैठक लावायला घेतली, पण त्यांच्यातला एक जण त्या दिवशी मोकळा नव्हता, म्हणून बैठक दुसऱ्या दिवशी सकाळवर गेली. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला, स्वतःच्या घराला आग लागलेली असताना उद्या सकाळी बघू म्हणणाऱ्या त्या सहा जणांचा. जपानच्या नेत्यांना मी कुठेही सोडत नाहीये. पण हेही खरं की ९ च्या सकाळची ती बैठक नागासाकीमुळे लागलेली नव्हती. आधीच ठरलेली होती. आणि मध्यरात्रीनंतर रशियाचं सैन्य जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसलं होतं, म्हणजे ज्या रशियाच्या मध्यस्थीवर आशा होती तोच अंगावर आला होता. बैठक साडेदहाच्या सुमाराला सुरू झाली.

त्याच वेळी एक विमान ढगांवर घिरट्या घालत होतं. या विमानाची गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. दुसरा बॉम्ब मुळात ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामानवाल्यांनी सांगितलं की १० पासून पाच दिवस आभाळ खराब राहणार, म्हणून जिथून ही विमानं उडायची त्या टिनियन बेटावरच्या लोकांनी रात्रंदिवस खपून तो दोन दिवस अलीकडे आणला. जपानचं उत्तर येतंय का, याचा त्या घाईशी काही संबंध नव्हता, पावसाशी होता. ९ ला पहाटे निघतानाच लक्षात आलं की इंधनाचा एक पंप चालत नाही, म्हणजे सहाशे गॅलनच्या वर पेट्रोल विमानात आहे पण वापरता येणार नाही. तरी निघाले. वाटेत फोटो काढणारं विमान भेटायचं होतं त्याची पाऊण तासाच्या आसपास वाट बघितली, ते आलंच नाही. मग कोकुराला गेले, तेच खरं लक्ष्य, तिथे शस्त्रांचा मोठा कारखाना. वर धूर आणि धुरकं, आदल्याच दिवशी शेजारच्या यावातावर बॉम्बफेक झाली होती. तीनदा शहरावरून गेले, खालचं दिसेना. आदेश होता की डोळ्यांनी दिसल्याशिवाय टाकायचा नाही. पेट्रोल संपत आलेलं. मग नागासाकी. तिथेही ढग. शेवटी ढगात एक फट दिसली म्हणाले आणि सोडला, ११ वाजून २ मिनिटांनी, ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर लांब, उराकामीच्या खोऱ्यात. परत टिनियनला जायला पेट्रोल नव्हतं, कसंबसं ओकिनावाला उतरले तेव्हा टाक्या जवळजवळ कोरड्या.

उराकामी हा त्या शहरातला कॅथलिक लोकांचा भाग. पूर्व आशियातलं सगळ्यात मोठं म्हणवलं जाणारं चर्च तिथे होतं. आणि स्फोटाच्या केंद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर शिरोयामा नावाची प्राथमिक शाळा. सुट्टी होती म्हणून पोरं शाळेत नव्हती, घरी होती, आणि घरं आजूबाजूलाच. शाळेच्या इमारतीत मित्सुबिशीचं ऑफिस हलवलेलं, तिथे युद्धकामाला लावलेल्या मोठ्या मुली काम करायच्या. त्यांच्यातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईने १९४९ साली त्या शाळेच्या आवारात चेरीची रोपं लावली, मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या आठवणीसाठी. पंधरा म्हणजे नववी-दहावी. म्हणजे दुसरं बाक. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सत्तर हजारांच्या वर माणसं गेली. आणि शहर सोडून जा असं सांगणारी अमेरिकन पत्रकं नागासाकीवर पडली ती १० तारखेला.

आता माझ्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा, तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांना आधीपासून वाटत होतं की दोन लागतील, एक बॉम्ब काय करतो ते दाखवायला आणि दुसरा, आमच्याकडे असे आणखी आहेत हे दाखवायला. हे म्हणणं पोकळ नाही. हिरोशिमानंतर जपानी लष्करात काही जण खरंच म्हणत होते की असले बॉम्ब त्यांच्याकडे फार नसणार. आणि पुढे काय झालं बघा, दोन बॉम्ब आणि रशिया एवढं सगळं झाल्यावरही १४ च्या रात्री काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून सम्राटाच्या भाषणाची रेकॉर्ड शोधायचा प्रयत्न केला, शरणागती थांबवायला. एवढं होऊनही जर गोष्ट अशी केसावर लटकत होती तर एक बॉम्ब कमी असता तर ती तुटलीच असती, असं कोणी म्हटलं तर मला चटकन उत्तर देता येत नाही. नौदलमंत्री योनाई स्वतः म्हणाले होते की अणुबॉम्ब आणि रशियाचं येणं हे एका अर्थाने देवाने दिलेलं दान आहे, कारण त्यामुळे घरच्या भांडणाचं नाव न घेता युद्ध थांबवता येईल. पण त्यातही तो अणुबॉम्ब हिरोशिमाचा धरून पुरला असता.

कारण त्या सहा जणांच्या बैठकीत नागासाकीची बातमी आली तेव्हा काय झालं? काहीच नाही. आधी तीन विरुद्ध तीन होते, नंतरही तीन विरुद्ध तीन. सुझुकी, तोगो आणि योनाई म्हणत होते की सम्राटाची गादी तेवढी राखा आणि बाकी मान्य करा, आणि अनामी आणि सेना-नौदलाचे प्रमुख उमेझू आणि तोयोदा आणखी तीन अटींवर अडलेले, ताबा नको, शस्त्रं आम्हीच खाली ठेवू, खटले आम्हीच चालवू. युद्धमंत्री अनामी यांनी त्या दुपारी मंत्रिमंडळाला तर असंही सांगितलं की पकडलेल्या एका अमेरिकन वैमानिकाच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडे असे शंभर बॉम्ब असू शकतात. हे सांगून तरीही लढायचंच म्हणत राहिले. ज्याला दुसऱ्या बॉम्बने पटवायचं होतं त्याने मनात शंभर धरले होते आणि तो हलला नव्हता. हलवलं ते रात्री, दोनच्या सुमाराला, सम्राटाने, आणि सम्राटाचं मन ८ तारखेला तोगोंसमोर बोलून झालं होतं.

१० तारखेला सकाळी जपानचा निरोप वॉशिंग्टनला पोचला, फक्त सम्राटाची गादी राखा. आणि त्याच दिवशी तो कागद बदलला. ग्रोव्ह्ज यांनी कळवलं होतं की पुढचा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर टाकता येईल, त्यावर सेनाप्रमुख मार्शल यांनी लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जपानवर टाकायचा नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ट्रुमन म्हणाले की आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पनाच भयंकर आहे, ती सगळी लहान पोरं मारायची त्यांना नको वाटतं. वाणिज्यमंत्री वॉलेस यांनी हे त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलंय. जुलैमध्ये ट्रुमन यांनी स्वतःच्या डायरीत लिहिलं होतं की लक्ष्य सैनिक असतील, बायका-पोरं नाहीत. म्हणजे मधल्या दिवसांत केव्हातरी त्यांना कळलं की खाली कोण होतं. मला ते वाक्य वाचून त्यांचा तिरस्कार वाटला नाही. उलट वाटलं की हाच माणूस ७ तारखेला कोणी जागा करून विचारला असता तर?

मूळची तारीख ११ होती. फक्त ती पाळली असती, जपानवर काही उपकार म्हणून नाही, नुसती ठरलेली तारीख पाळली असती, तर टिनियनला थांबा म्हणून निरोप द्यायला काही तास तरी हातात होते. आण्णांचं मलाया, क्यूशूची चढाई, चीनमधले लोक, यांतलं काहीही त्या दोन दिवसांवर अवलंबून नव्हतं. नोव्हेंबरची चढाई वाचवायला ९ ऑगस्ट लागत नाही.

म्हणून माझं मत सांगते, आणि ते मी पेपरात कोणाला लिहायला लावणार नाही. पहिल्या बॉम्बबद्दल मी त्या माणसांच्या जागी उभी राहू शकते. शहराच्या मध्यावर, इशारा न देता टाकणं मला चूक वाटतं, त्यांच्याकडे दुसरे रस्ते होते आणि त्यांनी ते पुरते चालून बघितले नाहीत. पण त्यांनी ते बोलून दाखवले, त्यावर भांडले, आणि समोर ओकिनावा होतं. मी त्यांना दोष देते पण त्यांच्याशी वाद घालता येतो. दुसऱ्याबद्दल मला वाद घालायला समोर माणूसच सापडत नाही. हवामान सापडतं, तयार झालेला बॉम्ब सापडतो, संपत आलेलं पेट्रोल सापडतं. नागासाकी अन्याय होता, आणि तो कोणी ठरवला म्हणून नाही तर कोणी ठरवलाच नाही म्हणून. ९ ला टाकला नसता तरी युद्ध त्याच आठवड्यात संपलं असतं असं मला वाटतं. ते मला सिद्ध करता येत नाही, रशिया आणि नागासाकी एकाच सकाळी आले, कोणाचा धक्का किती हे वेगळं काढता येत नाही. पण ज्यांनी त्या तीन दिवसांत थांबून बघितलंसुद्धा नाही त्यांना शंकेचा फायदा देणं मला जमत नाही.

हे लिहिताना आण्णांचं वाक्य मागे चालूच होतं. ते असते तर रागावले असते का, कोण जाणे. एकदा मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, दुसऱ्या बॉम्बचं काय आण्णा? त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, बराच वेळ चघळत बसले आणि म्हणाले, "दुसरा बी पडला व्हता?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. ज्या माणसाला वाटायचं की या बॉम्बने मला वाचवलं, त्याच्या हिशेबात एकच बॉम्ब होता, आणि तेवढा त्याला पुरला होता.

माझा एक जुना विद्यार्थी फुकुओकाकडे नोकरीला आहे. त्याला विचारलं, कोकुरा जवळ आहे का रे. त्याने रविवारी जाऊन फोटो पाठवला. शस्त्रांचा कारखाना होता तिथे आता मोठी बाग आहे, आणि त्या बागेत नागासाकीच्या नावाची घंटा आहे. ९ ऑगस्टला कोकुराचे लोक तिथे जमतात. त्याने लिहिलं होतं, "मॅडम, इथे काहीच पडलं नव्हतं ना, मग घंटा का?" मी त्याला धुराचं सांगितलं. मग बराच वेळ त्याचं टायपिंग चालू दिसत होतं आणि शेवटी मेसेज काही आला नाही.

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर परत त्याच दोन तारखा लिहिल्या आणि मधे जागा सोडली. ७, ८, असं लिहून प्रत्येकापुढे काय काय झालं ते सांगितलं. निशिनांचं विमान, न झालेली बैठक, पावसाचा अंदाज. पोर्शन मागे पडला. खाली १० लिहून ट्रुमन यांचं तिसऱ्या बॉम्बबद्दलचं सांगितलं, की आता मला विचारल्याशिवाय नाही. दुसऱ्या बाकावरून लगेच आवाज आला, "म्हणजे दुसऱ्याला विचारलं नव्हतं?"

"नाही," म्हटलं, "विचारलं नव्हतं."

तिने वही उघडली, मागच्या आठवड्यातलं माझं वाक्य शोधलं, जपान शरण आला नाही म्हणून, आणि त्याच्यावर पट्टी ठेवून सरळ एक रेघ मारली. मग पेन हातात धरून माझ्याकडे बघत बसली, त्या जागी काय लिहायचं ते मी सांगीन म्हणून.